न संपणारा हप्ता

आज हातात असलेले शंभर रुपये आणि वर्षभराने मिळणारे शंभर रुपये यांची किंमत सारखी नसते, हे व्यवहारात सगळ्यांनाच कळते. बँकेच्या परीक्षेत, वाणिज्य शाखेच्या पेपरात किंवा वर्तमानपत्रातल्या एखाद्या आर्थिक कोड्यात हीच गोष्ट प्रश्न होऊन आली, की मात्र गोंधळ उडतो. या प्रश्नांचे तीन प्रकार नेहमीचे आहेत. पहिला पर्पेच्युइटी, म्हणजे कधीही न संपणाऱ्या वार्षिक रकमेचा. दुसरा ॲन्युइटी, म्हणजे ठरावीक वर्षे मिळणाऱ्या समान रकमेचा. तिसरा कर्जाच्या हप्त्यांच्या वेळापत्रकाचा. पुस्तकांत ही तीन वेगळी प्रकरणे असतात, पण हिशोब एकच आहे. खालचे पाच प्रश्न त्याच क्रमाने लावले आहेत. आधी कागदावर आपले उत्तर लिहा आणि मगच पुढे वाचा.

प्रश्न पहिला : कायमच्या बक्षिसासाठी किती रक्कम ठेवावी?

एका गृहस्थांना आपल्या आईच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवायचे आहे. दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी १२,००० रुपये, कायमचे. ठेवीवर वर्षाला ६ टक्के व्याज मिळते आणि पहिले बक्षीस आजपासून एका वर्षाने द्यायचे आहे. आज शाळेकडे किती रक्कम द्यावी लागेल?

‘कायमचे’ या शब्दाने बिचकायला होते, पण पाचांतला सर्वांत सोपा प्रश्न हाच. मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वाटायचे आहे. म्हणजे ज्या रकमेचे ६ टक्के १२,००० होतात ती रक्कम हवी. १२,००० भागिले ०.०६, उत्तर २ लाख. वर्षभराने १२,००० व्याज येते, ते मुलीला जाते आणि २ लाख जागच्या जागी राहतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

परीक्षक इथे थांबत नाही. तो विचारतो, पहिले बक्षीस आजच द्यायचे असेल तर? तर २ लाखांत आजचे १२,००० मिळवायचे, उत्तर २,१२,०००. पुढे तो विचारतो, पहिले बक्षीस पाच वर्षांनी द्यायचे असेल तर? येथे पुष्कळ जण २ लाखांना १.०६ च्या पाचव्या घाताने भागतात आणि १,४९,४५२ लिहितात. ते चूक आहे. रक्कम भागिले व्याजदर या भागाकारातून जी किंमत येते, ती पहिल्या रकमेच्या बरोबर एक वर्ष आधीची असते. पहिले बक्षीस पाचव्या वर्षाच्या शेवटी असेल, तर २ लाख ही चौथ्या वर्षाच्या शेवटची किंमत झाली. म्हणून मागे यायचे ते चारच वर्षे. १.०६ चा चौथा घात सुमारे १.२६२५ आहे. त्याने भागले की १,५८,४१९ येतात. या प्रकारच्या प्रश्नांत सर्वाधिक गुण जातात ते याच एका वर्षाच्या घोळात. त्यावर उपाय साधा आहे. कागदावर आडवी रेघ ओढा, तिच्यावर ०, १, २, ३ अशी वर्षे मांडा आणि पहिली रक्कम कुठे पडते तिथे खूण करा.

आणखी एक विचार व्यवहाराचा. १२,००० रुपयांचे बक्षीस वीस वर्षांनीही १२,०००च राहिले, तर महागाईपुढे त्याची शोभा उरणार नाही. जुन्या शाळांच्या फलकांवर कोरलेली पंचवीस-पन्नास रुपयांची बक्षिसे याची साक्ष देतात. बक्षीस दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढावे असे म्हटले, तर भागायचे ते ६ टक्क्यांनी नाही, ६ उणे ४ म्हणजे २ टक्क्यांनी. उत्तर थेट ६ लाख. पडताळा असा : ६ लाखांवर व्याज ३६,०००, त्यातले १२,००० बक्षिसाला गेले आणि २४,००० मुद्दलात मिळाले. मुद्दल ४ टक्क्यांनी वाढून ६,२४,००० झाले. आता पुढच्या वर्षी १२,४८० देता येतील. वाढीचा दर व्याजदराइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर मात्र या प्रश्नाला उत्तरच नाही. कितीही रक्कम ठेवली तरी ती पुरणार नाही.

ही नुसती पुस्तकी कल्पना नाही. ब्रिटिश सरकारने अठराव्या शतकाच्या मध्यात ‘कॉन्सोल’ नावाचे, परतफेडीची तारीख नसलेले रोखे काढले. या जातीचे शेवटचे रोखे सरकारने परत घेतले ते २०१५ मध्ये. हॉलंडमधल्या एका जल-मंडळाने नदीच्या कामांसाठी १६४८ मध्ये बकऱ्याच्या कातड्यावर लिहून दिलेला रोखा आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडे आहे आणि त्यावर अजूनही व्याज मिळते.

प्रश्न दुसरा : हेच बक्षीस फक्त वीस वर्षे द्यायचे असेल तर?

रक्कम तीच १२,०००, व्याजदर तोच ६ टक्के, पहिले बक्षीस वर्षभराने, पण वीस बक्षिसांनंतर योजना बंद. आज किती ठेवावे?

ॲन्युइटीचे सूत्र पाठ असेल तर उत्तर लगेच येते. पाठ नसले तरी अडत नाही, कारण ते पहिल्याच प्रश्नातून निघते. कायमच्या बक्षिसाला २ लाख लागत होते. आता विसाव्या वर्षानंतरची सगळी बक्षिसे आपल्याला नको आहेत. त्या नको असलेल्या बक्षिसांची विसाव्या वर्षाच्या शेवटची किंमत पुन्हा २ लाखच, कारण तीही एक कायमची मालिकाच आहे. ते २ लाख वीस वर्षे मागे आणले, म्हणजे १.०६ च्या विसाव्या घाताने, ३.२०७१ ने भागले, की आजचे ६२,३६१ होतात. २ लाखांतून ते वजा करा. १,३७,६३९ हे उत्तर.

म्हणजे वीस वर्षांची मालिका ही एका न संपणाऱ्या मालिकेतून दुसरी, उशिरा सुरू होणारी न संपणारी मालिका वजा करून मिळते. ॲन्युइटीचे सूत्र म्हणजे हीच वजाबाकी आहे. शिवाय एक मोठी गोष्ट सहज दिसून येते. एकविसाव्या वर्षापासून अनंत काळापर्यंतच्या सगळ्या बक्षिसांची आजची किंमत जेमतेम ६२ हजार आहे. पन्नास वर्षांनंतरच्या सगळ्यांची तर सुमारे १०,८५८ रुपये, आजच्या एका बक्षिसापेक्षाही कमी. दूरच्या पैशाला आज फारशी किंमत नसते ती अशी.

इथला सापळा पुन्हा आरंभाचाच. रक्कम वर्षाच्या शेवटी मिळते की सुरुवातीला? घरभाडे किंवा विम्याचा हप्ता आधी भरतात, कर्जाचा हप्ता महिना सरल्यावर. वीसही बक्षिसे वर्षाच्या सुरुवातीला द्यायची असतील, तर प्रत्येक रक्कम एक वर्ष अलीकडे येते आणि उत्तर १.०६ ने गुणावे लागते. ते १,४५,८९७ होते. प्रश्नात ‘आगाऊ’ किंवा ‘प्रत्येक वर्षाच्या प्रारंभी’ असे शब्द आले, की पेन्सिलने त्यांच्याखाली रेघ मारा.

प्रश्न तिसरा : दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता किती?

आता बाजू बदलू. घरासाठी १० लाख रुपये कर्ज घेतले, वर्षाला ७ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. दर महिन्याला समान हप्ता किती येईल?

कर्ज म्हणजे ॲन्युइटीच, फक्त ती बँकेने तुमच्याकडून विकत घेतलेली असते. बँक आज १० लाख देते आणि त्या बदल्यात २४० हप्ते घेते. या २४० हप्त्यांची आजची किंमत १० लाख भरली पाहिजे. दुसऱ्या प्रश्नात रक्कम माहीत होती आणि किंमत काढायची होती. येथे किंमत माहीत आहे आणि रक्कम काढायची आहे.

हप्ते महिन्याचे आहेत, म्हणून दरही महिन्याचा हवा. ७ टक्क्यांना १२ ने भागून ०.५८३३ टक्के. वर्षाचा दर आणि महिन्यांची संख्या एकाच सूत्रात घातली, की उत्तर हास्यास्पद येते. बँका व्यवहारात सरळ १२ ने भागतात, त्यामुळे ७ टक्के म्हणून सांगितलेला दर चक्रवाढीने वर्षाला ७.२३ टक्के पडतो, हेही लक्षात असू द्या. महिन्याला एक रुपया या हिशोबाने २४० महिन्यांची आजची किंमत १२८.९८ रुपये येते. १० लाखांना त्याने भागले की हप्ता ७,७५३ रुपये. संगणकाच्या तक्त्यात हेच असे टाइप करतात :

```
=PMT(7%/12,240,-1000000)
```

ज्यांनी कागदावर १०,००० लिहिले असेल, त्यांचा हिशोब बहुधा असा झाला असणार : १० लाखांवर ७ टक्क्यांनी २० वर्षांचे व्याज १४ लाख, एकूण २४ लाख, भागिले २४०. या हिशोबात गृहीत आहे की पूर्ण १० लाख वीस वर्षे तुमच्याकडेच होते. प्रत्यक्षात तुम्ही मुद्दल दर महिन्याला थोडेथोडे परत करत असता. परत केलेल्या पैशावरही व्याज लावण्याच्या या पद्धतीला ‘फ्लॅट रेट’ म्हणतात. अशा दराने कर्ज कोणी देऊ केले, तर त्याचा खरा दर काढून पाहावा. १० लाखांच्या या कर्जावर १०,००० चा हप्ता म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे साडेदहा टक्के होतात. बोलण्यात ७, वसुलीत साडेदहा.

प्रश्न चौथा : दहा वर्षांनी किती कर्ज उरले?

हप्ता ७,७५३ चाच आहे आणि २४० पैकी १२० हप्ते नियमाने भरून झाले. किती मुद्दल उरले? अर्धे, म्हणजे ५ लाख?

इथे वेळापत्रकाच्या ओळी पाहाव्या लागतात. प्रत्येक ओळीचा नियम एकच. मागच्या शिलकीवर महिन्याचे व्याज काढायचे, हप्त्यातून ते आधी वजा करायचे आणि उरेल तेवढेच मुद्दलातून कमी करायचे.

| हप्ता | व्याज | मुद्दल | शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | ५,८३३ | १,९२० | ९,९८,०८० |
| २ | ५,८२२ | १,९३१ | ९,९६,१४९ |
| ३ | ५,८११ | १,९४२ | ९,९४,२०७ |
| १२२ | ३,८७३ | ३,८८० | ६,५९,९९८ |
| २४० | ४५ | ७,७०८ | ० |

पहिल्या हप्त्यातला पाऊण हिस्सा व्याजातच जातो. मुद्दलाचा भाग दर महिन्याला ०.५८३३ टक्क्यांनी वाढत जातो आणि १२२ व्या हप्त्यात तो प्रथमच व्याजापेक्षा मोठा होतो. म्हणजे पहिली दहा वर्षे हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचाच असतो.

उत्तरासाठी मात्र १२० ओळी लिहायची गरज नाही. कोणत्याही क्षणी उरलेले कर्ज म्हणजे उरलेल्या हप्त्यांची त्या क्षणीची किंमत. १२० हप्ते उरले आहेत, महिन्याला एक रुपयाची १२० महिन्यांची किंमत ८६.१३ रुपये आहे, तिला ७,७५३ ने गुणले की सुमारे ६,६७,७०० येतात. अर्धा काळ संपला तरी दोनतृतीयांश कर्ज शिल्लक आहे. शिल्लक ५ लाखांच्या खाली येते ती १५९ हप्त्यांनंतर, म्हणजे सव्वातेरा वर्षांनी.

दहा वर्षे हप्ते भरून घर विकायला निघालेल्या माणसाला बँकेचा उतारा पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते, ते यामुळे. त्यात फसवणूक नसते. सुरुवातीला बँकेचे पैसे तुमच्याकडे जास्त असतात, म्हणून व्याजही जास्त असते. पण उतारा तपासायची युक्ती हाताशी असावी. लागोपाठच्या दोन हप्त्यांतले मुद्दलाचे भाग घ्या आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. दर बदलला नसेल, तर उत्तर १ अधिक महिन्याचा दर एवढेच यायला हवे. वरच्या तक्त्यात १,९३१ भागिले १,९२० हे १.००५७ च्या आसपास येते, पैसे धरून केले तर बरोबर १.००५८. हे जुळले नाही, तर मध्ये काहीतरी शुल्क किंवा दरबदल घडला आहे असे समजावे.

प्रश्न पाचवा : दर वाढला, हप्ता तोच ठेवला, तर किती वर्षे लागतील?

हा प्रश्न परीक्षेत क्वचित येतो, पण घराघरांत आला आहे. कर्ज तेच, १० लाख, ७ टक्के, ७,७५३ चा हप्ता. कर्ज घेतल्यावर लगेचच दर चढू लागला असे धरा. बँकेने हप्ता वाढवला नाही, फक्त मुदत वाढवली. दर ८ टक्के झाला तर किती हप्ते लागतील? ९ झाला तर? साडेनऊ झाला तर?

८ टक्क्यांना २४० चे २९६ हप्ते होतात, म्हणजे सुमारे साडेचोवीस वर्षे. यावरून ९ टक्क्यांना साडेतीनशेच्या आसपास होतील असा अंदाज बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात ते ४५८ होतात, अडतीस वर्षांहून जास्त. आणि साडेनऊ टक्क्यांना?

```
=NPER(9.5%/12,-7753,1000000)
```

हे टाइप केले तर संगणक आकडा देत नाही, `#NUM!` असे दाखवतो. त्याचे कारण पहिल्या प्रश्नात आहे. साडेनऊ टक्क्यांनी १० लाखांवरचे महिन्याचे व्याज ७,९१७ रुपये होते. हप्ता ७,७५३ चा. हप्ता पूर्ण भरूनही दर महिन्याला १६४ रुपये कमी पडतात, ते मुद्दलात मिळतात आणि कर्ज वाढत जाते. या दोन्हींच्या मधोमध एक सीमा आहे. सुमारे ९.३ टक्क्यांना महिन्याचे व्याज बरोबर ७,७५३ होते. तेव्हा हप्ता सगळाच्या सगळा व्याजात जातो आणि मुद्दल १० लाख तसेच राहते. शाळेच्या बक्षिसाचा हिशोब तोच, फक्त या वेळी मुद्दल बँकेचे, व्याज वाटणारे तुम्ही आणि बक्षीस दर महिन्याला बँकेला. कर्जाची पर्पेच्युइटी झाली.

मुदत सुरुवातीला थोडी आणि नंतर एकदम वाढते, तेही या सीमेमुळे. हप्ता आणि व्याज यांच्यातले अंतर कमी होत जाते, तशी वर्षे अनंताकडे धावू लागतात.

हे आकडे काल्पनिक वाटत असतील, तर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ हा काळ आठवा. रिझर्व्ह बँकेने या नऊ महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, म्हणजे अडीच टक्के वाढ. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत. त्यामुळे ही वाढ कर्जदारांपर्यंत काही महिन्यांत पोहोचली. ७ टक्क्यांचे नवे कर्ज साडेनऊवर जाणे म्हणजे आपला पाचवा प्रश्नच. ज्यांची कर्जे जुनी होती आणि मुद्दल बरेच फिटले होते, त्यांना झळ कमी बसली, कारण त्यांच्या हप्त्यात आणि व्याजात अंतर मोठे होते. नव्या कर्जदारांचे हप्ते मात्र निवृत्तीच्या वयापलीकडे गेले. साडेनऊ टक्क्यांनी मूळ वीस वर्षांतच कर्ज फेडायचे तर हप्ता सुमारे ९,३२१ हवा. म्हणजे महिन्याला १,५६८ रुपये जास्त भरायचे किंवा कर्ज कधीच फिटायचे नाही, एवढा हा फरक.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत बँकांना सूचना दिल्या. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे करायचे, हे निवडू द्यावे. बँकेच्या धोरणानुसार स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही द्यावा. मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही पुरणार नाही अशी अवस्था येऊ देऊ नये. आणि दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारे विवरण द्यावे.

ते विवरण हातात आले, की एक भागाकार करा. शिल्लक मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले १२. येणारी रक्कम तुमच्या हप्त्याच्या निम्मी असेल, तर निश्चिंत राहा. ती हप्त्याच्या नऊदशांशापर्यंत पोहोचली असेल, तर दर पुन्हा वाढण्याची वाट न पाहता बँकेला हप्ता वाढवण्याचे पत्र द्या. हाताशी काही रक्कम असेल तर ती मुद्दलात भरा.